‘काम झालं नाही तर पैसे परत’

सरकारी नोकरी लावून देणारा माणूस पालकांना ज्या वाक्याने जिंकतो, ते वाक्य ‘माझी वरपर्यंत ओळख आहे’ हे नसतं. ओळखीच्या गप्पांवर आता फारसं कुणी भाळत नाही. जिंकणारं वाक्य असतं, ‘काम झालं नाही तर पैसे परत.’ नाशिक जिल्ह्यातल्या नामपूरसारख्या गावात, जिथे पोलीस, तलाठी, ग्रामसेवक आणि आरोग्यसेवक एवढ्याच सरकारी जागा रोज डोळ्यांसमोर दिसतात आणि त्यांतल्या एकीसाठी घरातलं पोर तीन-चार वर्षं अभ्यास करत असतं, तिथे हे वाक्य प्रामाणिकपणाची हमी वाटतं. बुडण्याची भीतीच नाही, मग एकदा बघायला काय हरकत आहे? माझं म्हणणं नेमकं उलट आहे. पैसे परत देण्याची ही तयारीच सांगते की त्या माणसाच्या हातात काही नाही. हा धंदा कुठल्याही ओळखीशिवाय, कुठलाही पेपर न फोडता, साध्या सरासरीवर चालू शकतो.

पोलीस शिपाई भरतीवर हे मांडून पाहू. 2022 मध्ये नियम बदलल्यापासून आधी 50 गुणांची मैदानी चाचणी होते, आणि तिच्या गुणांवरून एका जागेमागे दहा या प्रमाणात उमेदवार 100 गुणांच्या लेखी परीक्षेला बोलावले जातात. म्हणजे लेखीला बसलेल्या प्रत्येक दहांमागे साधारण एक जण निवडला जाणारच. आता समजा, एका मध्यस्थाने लेखीला पात्र ठरलेल्या वीस मुलांच्या घरी जाऊन प्रत्येकी 5 लाख घेतले. त्यानंतर त्याने बोटही हलवलं नाही, तरी सरासरीने त्यातली दोन मुलं स्वतःच्या अभ्यासावर लागतील. त्यांचे 10 लाख हा ठेवून घेईल. उरलेल्या अठरा घरांना ‘यंदा वरून यादी फिरली’ असं सांगून तो पैसे परत करेल, तेही एकदम नाही, हप्त्याहप्त्याने, आणि तोवर ती रक्कम वापरेल. शिवाय लागलेली दोन मुलं म्हणजे त्याची चालती-बोलती जाहिरात. त्यांच्या घरच्यांना मनापासून वाटतं की काम यानेच केलं. आपल्या मुलाने ती जागा स्वतः मिळवली होती हे त्यांना कधीच कळत नाही, आणि पुढच्या भरतीला तेच चार नातेवाइकांना त्याच्याकडे पाठवतात. ‘आमच्या ओळखीत दोघांना लावलंय त्याने’ हा पुरावा म्हणून पुढे केला जातो तेव्हा म्हणूनच एक प्रश्न विचारावा: त्याने किती जणांकडून घेतले होते? तो आकडा कधीच कुणाला ठाऊक नसतो. खरोखर निवड हातात असलेल्या माणसाला परतीची अट घालण्याची गरज तरी काय?

‘पण आम्ही आधी पैसे देतच नाही, ऑर्डर हातात आल्यावर देणार’ असं म्हणणारे पालक स्वतःला सावध समजतात. अशा घरांकडून पैशाऐवजी मुलाच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि सही केलेले कोरे धनादेश घेतले जातात. म्हणजे मुलगा स्वतःच्या बळावर लागला तरी कागदपत्र पडताळणीच्या दिवशी त्याला त्याच माणसाच्या दारात उभं राहावं लागतं. आणि ‘ऑर्डर हातात’ येणं ही गोष्टही वाटते तितकी भक्कम नाही. डिसेंबर 2022 मध्ये दिल्लीत उघड झालेलं प्रकरण पालकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. रेल्वेत नोकरी लागली असं समजून तमिळनाडूतले 28 जण नवी दिल्ली स्थानकावर महिनाभर रोज ठरलेले तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होते. हेच तुमचं प्रशिक्षण, असं त्यांना सांगितलं होतं. त्याआधी त्यांची वैद्यकीय तपासणी झाली होती, कागदपत्रंही तपासली गेली होती. सगळ्यांचे मिळून 2 कोटी 67 लाख रुपये गेले. नेमणुकीचा कागद, ओळखपत्र, तपासणी, प्रशिक्षण हे सगळं बनावट उभं करता येतं. एकच गोष्ट उभी करता येत नाही, ती म्हणजे त्या नेमणुकीमागची जाहीर, सगळ्यांना पाहता येणारी कागदांची साखळी. तिच्याकडे पुढे येतोच.

त्याआधी सगळ्यात वजनदार आक्षेप. ‘घोटाळे खोटे होते का? अधिकारीच तुरुंगात गेले ना? मग पैशाने काम होतं हे सिद्धच झालं.’ आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण 2021 च्या हिवाळ्यात महाराष्ट्राने ते पाहिलं आहे. आरोग्य विभागाच्या गट ‘क’ आणि गट ‘ड’ च्या परीक्षा 24 आणि 31 ऑक्टोबरला झाल्या. पुणे सायबर पोलिसांच्या तपासात पेपर फुटल्याचं उघड झालं आणि डिसेंबरात खुद्द आरोग्य विभागाच्या सहसंचालकाला अटक झाली. त्याच धाग्यावरून पोलीस म्हाडाच्या भरतीपर्यंत पोचले. 12 डिसेंबरला होणारी म्हाडाची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा संचालक पकडला गेला. त्याच महिन्यात शिक्षक पात्रता परीक्षेतल्या गुणांच्या फेरफारासाठी राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाही अटक झाली. म्हणजे आतली माणसं विकली गेली होती, हे खरं आहे. पण ज्या घरांनी पैसे मोजले त्यांच्या हाती काय आलं? आरोग्य विभागाच्या परीक्षा सरकारने पुढे रद्द केल्या. म्हाडाची परीक्षा त्या दिवशी झालीच नाही. 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेतले 7,800 हून अधिक उमेदवार 2022 मध्ये अपात्र ठरले, त्यांची संपादणूक रद्द झाली आणि पुढे ही परीक्षा देण्यालाही त्यांना बंदी घातली गेली. पेपर खरा फुटला होता, माणूस खरा विकला गेला होता, आणि तरीही विकत घेतलेली वस्तू टिकली नाही. याचं कारण साधं आहे. फुटलेला पेपर एकाला विकून धंदा होत नाही, तो शेकड्यांनी विकावा लागतो, आणि इतक्या लोकांचं गुपित राहत नाही. सगळे पकडले जातात असा माझा दावा नाही, काही सुटलेही असतील. पण पहिला पगार झाला की आपण सुटलो, असं पैसे मोजणारा माणूस धरून चालतो, आणि ते मात्र खरं नाही. बोगस शालार्थ ओळख क्रमांकांवर शिक्षकांना पगार दिल्याचं नागपूर विभागातलं प्रकरण 2025 मध्ये उघडकीस आलं तेव्हा आधीच्या कित्येक वर्षांच्या नेमणुका तपासाखाली आल्या आणि शिक्षण उपसंचालकांपर्यंत अटक झाली.

फुटलेल्या पेपरची दुसरी बाजूही नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. 17 ऑगस्टला, परीक्षेच्या पहिल्याच दिवशी, नाशिकला म्हसरूळच्या केंद्राबाहेर पोलिसांनी एकाला टॅब, मोबाइल आणि वॉकीटॉकीसह पकडलं. आतून बाहेर आलेले प्रश्न आणि बाहेरून आत जाणारी उत्तरं, असा तो मामला होता. पण ही परीक्षा संगणकावर, 14 सप्टेंबरपर्यंत, अनेक सत्रांत चालली आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी होती. म्हसरूळला जे पकडलं ते त्या सत्रात, आत उपकरण घेऊन बसलेल्या उमेदवाराच्याच कामाचं होतं. दुसऱ्या आठवड्यातल्या सत्राला बसणाऱ्या मुलाला त्याचा शून्य उपयोग. म्हणून कुणी ‘तलाठीचा पेपर’ विकायला आला तर त्याला एवढंच विचारावं: कुठल्या तारखेचा, कुठल्या सत्राचा? बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण ‘तलाठीचा पेपर’ नावाची एकच वस्तू नसतेच. (तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, विकणारे मात्र जुन्याच नावाने विकतात.)

मग टेलिग्रामवर परीक्षेच्या आदल्या रात्रीची वेळ असलेला, हुबेहूब तोच पेपर दिसतो तो कुठून येतो? टेलिग्रामच्या चॅनलवर जुनी पोस्ट नंतर बदलता येते, तिच्यातलं चित्र किंवा फाइलही बदलता येते, आणि पोस्टची मूळ तारीख-वेळ तशीच राहते. परीक्षेच्या आदल्या रात्री काहीतरी फाइल टाकायची, परीक्षा झाल्यावर बाहेर आलेला खरा पेपर तिच्या जागी बसवायचा आणि ‘बघा, आम्ही रात्रीच दिला होता’ म्हणून त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या परीक्षेच्या गिऱ्हाइकांना दाखवायचा. 2024 च्या ‘नीट’ वादात टेलिग्रामवर फिरणाऱ्या अशाच एका चित्राबद्दल तारीख फिरवल्याचं म्हणणं राष्ट्रीय परीक्षा संस्थेने सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं. (त्याच वादात इतर ठिकाणी पेपर खरोखर फुटल्याचंही तपासात दिसलं, तेव्हा हा खुलासा म्हणजे सगळ्याला क्लीन चिट नव्हे.) पोस्टवर ‘edited’ अशी खूण दिसते का ते पाहावं. पण त्याहून पक्की कसोटी म्हणजे ती फाइल परीक्षेच्या आधी तुमच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये उतरली होती का. तसं कधी झालंच, तर ती फाइल पैसे देण्याची नव्हे, तर पोलिसांकडे नेण्याची वस्तू आहे.

तलाठी भरतीच्याच निकालाने एक गैरसमज पक्का केला, त्याचंही निरसन इथेच करतो. 200 गुणांच्या परीक्षेत कुणाला 214 गुण कसे, यावर जानेवारी 2024 मध्ये गदारोळ झाला. वेगवेगळ्या सत्रांच्या प्रश्नपत्रिका कमी-जास्त अवघड असतात, म्हणून गुणांचं सामान्यीकरण करतात. अवघड सत्रात खूप चांगले गुण मिळवणाऱ्याचा आकडा त्यात कमाल गुणांच्या वर जाऊ शकतो. विभागाने हे आधीच सोप्या भाषेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण अशा न समजलेल्या आकड्यांतूनच ‘आत सगळं ठरलेलं असतं’ हा समज मुरतो आणि तोच मध्यस्थाचं भांडवल होतो.

विकल्या जाणाऱ्या जागांची नावं ऐकण्यासारखी असतात: ‘मंत्री कोटा’, ‘सोडलेली जागा’, ‘थेट ऑर्डर’. राज्याच्या सेवेत मंत्री कोटा असा प्रकारच नाही. एखादा निवडलेला उमेदवार रुजू झाला नाही तर त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या क्रमांकाला जाते, आणि ती यादी जाहीर असते. परीक्षेशिवायची एक खरी वाट आहे ती अनुकंपा नियुक्तीची. ती सेवेत असताना मृत्यू पावलेल्या कर्मचाऱ्याच्या वारसाची, तीही ज्येष्ठतेच्या यादीने. बाकी ‘आधी कंत्राटी घेऊ, मग कायम करू’ या आश्वासनाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 10 एप्रिल 2006 रोजी उमादेवी खटल्यात दिलं आहे. जाहिरात आणि खुली स्पर्धा यांशिवाय झालेल्या नेमणुकीतून सेवेत कायम होण्याचा हक्क निर्माण होत नाही. ठेकेदार कंपनीकडची नोकरी वाईट असते असं नाही, पण तिचा मालक सरकार नसून ठेकेदार असतो, आणि तिच्यासाठी ‘कायम होण्याचे’ पैसे मोजणं म्हणजे नसलेली वस्तू विकत घेणं.

आता पडताळणी. समजा, नामपूरच्या एका घरात व्हॉट्सअपवर ‘नाशिक जिल्हा परिषद महाभरती, 10 वी पास, पगार 35,000, परीक्षा नाही’ अशी पीडीएफ आली. पहिलं काम म्हणजे तिच्यातल्या लिंकला हात न लावता जिल्हा परिषदेचं संकेतस्थळ zpnashik.maharashtra.gov.in स्वतः टंकून उघडणं आणि तिथे भरतीच्या पानावर तोच जाहिरात क्रमांक आहे का ते पाहणं. जिल्हाधिकारी कार्यालयासाठी nashik.gov.in, लोकसेवा आयोगासाठी mpsc.gov.in. इथे एक फसवी सूचना सर्रास दिली जाते, की पत्त्याच्या शेवटी gov.in नसेल तर जाहिरात खोटी. तसं नाही. 2021 च्या गोंधळानंतर राज्याने 2022 मध्ये आयोगाबाहेरच्या परीक्षा टीसीएस आणि आयबीपीएस यांच्याकडून घेण्याचं ठरवलं, त्यामुळे खरे अर्जही ibps.in किंवा digialm.com अशा पत्त्यांवर भरले जातात. एकोणीस हजारांवर जागांची 2023 ची जिल्हा परिषद भरती आयबीपीएसकडूनच झाली. तेव्हा नियम असा धरावा की पत्ता कसा दिसतो याला महत्त्व नाही, विभागाच्या स्वतःच्या पानावरून तुम्ही तिथे पोचलात का, याला आहे. उलट दिशेने, म्हणजे आलेल्या लिंकवरून विभागाकडे जाऊ नये.

दुसरं, जाहिरातीचा मजकूर वाचावा. खरी जाहिरात कंटाळवाणी असते आणि तोच तिचा गुण आहे. तिच्यात पदनिहाय आणि प्रवर्गनिहाय जागांचा तक्ता असतो, त्यात महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अनाथ, दिव्यांग अशा समांतर आरक्षणाचे रकाने असतात. पगाराच्या जागी वेतनस्तर असतो, जसा तलाठ्यासाठी एस-8, म्हणजे 25,500 ते 81,100. वय कुठल्या तारखेला मोजायचं ते लिहिलेलं असतं, आणि जागा कमी-जास्त होऊ शकतात असंही बजावलेलं असतं. ज्या पीडीएफमध्ये फक्त मोठा आकडा, मोठा पगार आणि ‘मर्यादित जागा’ असतात, ती बनवणाऱ्याला बिंदुनामावली म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. सोबत शासन निर्णय जोडला असेल तर त्याच्या शेवटी संगणक संकेतांक असतो. तो gr.maharashtra.gov.in वर घालून पाहावा. निर्णय निघाला तर खरा, नाही निघाला तर तो कागद मागे ठेवून चौकशी थेट विभागाकडे करावी. परीक्षा शुल्क अर्जाच्या पानावरच भरलं जातं. 2023 च्या तलाठी भरतीत ते खुल्या प्रवर्गाला 1,000 आणि राखीवला 900 रुपये होतं. कुणा व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर ‘फाइल चार्ज’ पाठवायला सांगितलं की वाचन तिथेच थांबवावं.

तिसरा टप्पा नेमणूक आदेशाचा, आणि इथे घरच्या माणसांनी संकोच सोडायला हवा. आदेशावर जावक क्रमांक आणि दिनांक असतो, त्या पदाच्या नेमणूक अधिकाऱ्याची सही असते. त्याची प्रत घेऊन त्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत जावं आणि हा जावक क्रमांक नोंदवहीत आहे का, एवढंच विचारावं. नामपूरहून नाशिकची एक फेरी होईल, पण लाखांच्या हिशोबात ती स्वस्त आहे. मध्यस्थ हमखास म्हणतो, ‘तिथे चौकशी करू नका, काम बिघडेल.’ खऱ्या आदेशाची चौकशी केल्याने बिघडेल असं काहीच नसतं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर 10 रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि आदेशाच्या मागे वळून पाहावं: मुलाने परीक्षा दिली होती का, त्याची उत्तरतालिका आली होती का, गुणवत्ता यादीत त्याचा बैठक क्रमांक आहे का? यांतला एक दुवा जरी नसला, तरी पुढचा आदेश कितीही सुबक असो, तो कुठल्याही खऱ्या भरतीतून आलेला नाही.

ज्यांचे पैसे आधीच गेले आहेत त्यांना गप्प बसवणारी भीती वेगळी असते: ‘तक्रार केली तर आपणच अडकू.’ ही भीती पूर्ण निराधार नाही. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणं हाही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण त्याच कलमात सूटही आहे. ज्याला लाच देणं भाग पाडलं गेलं त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवलं तर त्याला ते कलम लागत नाही, आणि पैसे देण्याआधीच कळवून सापळ्याला मदत करणाऱ्यालाही नाही. म्हणून मागणी खऱ्या सरकारी नोकराकडून आली असेल तर देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर बोलावं. मागे सरकारी माणूस नव्हताच, नुसती थाप होती, तर तो सरळ फसवणुकीचा गुन्हा आहे आणि तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात 1930 ला फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर नोंद करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता आली तरच काही हाती लागतं. स्टॅम्प पेपरवर केलेल्या ‘नोकरी लावून देण्याच्या’ कराराचा दिवाणी न्यायालयात भरवसा धरू नये. बेकायदा उद्देशाचा करार कायद्याच्या लेखी करारच नसतो. तोच कागद पोलीस तक्रारीत मात्र पुरावा म्हणून उपयोगी पडतो, तसेच व्यवहाराचे स्क्रीनशॉट, कॉल आणि धनादेशांचे क्रमांक. कोरे धनादेश दिले असतील तर तक्रारीच्याच दिवशी बँकेला लेखी कळवून ते थांबवावेत, आणि मूळ गुणपत्रिका अडकल्या असतील तर तक्रारीत त्यांचा स्पष्ट उल्लेख करून शिक्षण मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा. त्या मिळायला वेळ लागतो, आणि पुढची खरी कागदपत्र पडताळणी त्यासाठी थांबत नाही.